आवाजाला चित्र लावताना

मला कॅमेऱ्याचं वावडं आहे. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा मी बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी मागे उभी सापडते. म्हणून आमचा पॉडकास्ट सुरू झाला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. नुसता आवाज. केस विंचरलेत की नाही, पदर कुठे आहे, कुणाला काय त्याचं! मी अमरावतीत वकिली करते. बांधाचे वाद, वाटण्या, पाण्याच्या चाऱ्या असली कामं. दिवसभर कोर्टात तोंड चालवायचं आणि महिन्यातून दोनदा अकोल्याला जाऊन पुन्हा तोंडच चालवायचं, असा तो उद्योग होता.

माझ्याबरोबर शेतीपाण्यावर बोलायला भाई असायचे. भाईंचं अकोल्यात गाद्या-रजयांचं दुकान. बापजाद्यांचा पिंजाऱ्याचा धंदा, त्यामुळे कापूस बोटांत धरला की तो कुठल्या मातीतला आणि कितव्या वेचणीचा, यावर ते तासभर बोलू शकत. आवाज असा खर्जातला, की माझी एक अशील बाई म्हणाली होती, तुमच्या भाईनं सोयाबीनचे भाव पडले असं सांगितलं तरी आयकाले बरं वाटते. बोंडअळीची, पडलेल्या भावाची, हुकलेल्या पावसाची ती वर्षं. गावोगाव माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली होती, आणि आम्ही दोघं मात्र बोलत होतो. लोक फवारणी करताना, कापसाची पऱ्हाटी उपटताना खिशात मोबाईल ठेवून ऐकायचे.

रेकॉर्डिंग दुकानामागच्या गोदामात व्हायचं. चारी बाजूंनी छतापर्यंत रजयांच्या थप्प्या. तिथे आवाज घुमत नाही की बाहेरच्या ऑटोचा भोंगा आत येत नाही. मुंबईचे लोक भिंतींना फोम लावतात म्हणे. आमच्याकडे फुलाफुलांच्या रजया होत्या.

मग लोक म्हणायला लागले, व्हिडिओ टाका. घरातला टीव्ही आता इंटरनेटवर चालतो, चारजण बसून पाहतात, तुमचा कार्यक्रम त्यावर येत नाही. मी म्हटलं, त्यात काय एवढं! भाईंचा आणि माझा एक फोटो घेतला, त्याखाली पूर्ण भागाचा आवाज जोडला आणि दिला टाकून. दुसऱ्या दिवशी दर्यापूरहून एका श्रोत्याचा फोन. "ताई, मोबाईल हँग झाला वाटते. तुमी दोघं हालूनच नाही राहिले."

ॲपवर एक रेघ दाखवतात, माणसं कुठपर्यंत पाहतात त्याची. आमची रेघ सुरुवातीलाच विहिरीत उडी टाकल्यासारखी खाली गेली होती. मला राग आला. तोच भाग ऐकणारे शेवटपर्यंत ऐकत होते. म्हणजे बोलण्यात खोट नव्हती. डोळ्यांना काम दिलं नाही की डोळे उठून जातात आणि कानांनाही सोबत नेतात.

अमरावतीत माझ्या घराजवळ एक स्टुडिओवाला होता. लग्नाच्या शूटिंगमध्ये नावाजलेला. त्या सालात लग्नं कमी, झाली तरी साधी, त्यामुळे बिचारा रिकामा बसला होता. तो म्हणाला, "मॅडम, माझ्यावर सोडा." मी सोडलं, आणि चुकलं. पहिल्याच व्हिडिओत आम्ही कापसाबद्दल बोलतोय आणि मागे भाताची हिरवीगार खाचरं डोलतायत. पुढे दोन नारळाची झाडं. एका विषयावरून दुसऱ्यावर जाताना पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. खाली एक निळी रेघ आमच्या आवाजाबरोबर उड्या मारायची. प्रतिक्रिया आली, "वावर कोणाचं हाये हे? आमच्या इकडं असं पिकलं असतं तं आमी तुमाले कायले आयकलं असतं?"

मी स्टुडिओवाल्याला बरंच बोलले. तो शेवटी म्हणाला, "पण मॅडम, फोटो हलला ना?"

खरी दिशा दाखवली ती भाभींनी, म्हणजे भाईंच्या बायकोनं. भाभींना ऐकू येत नाही. धाकट्या मुलाच्या वेळी मेंदूत ताप गेला आणि कान गेले. त्या आधी चांगल्या ऐकत्या-बोलत्या, माहेर दर्यापूरकडचं, शाळा मराठी. त्यामुळे बोलतात अगदी स्वच्छ, फक्त आवाज किती मोठा लागला ते त्यांना कळत नाही. समोरच्याचे ओठ पाहून समजून घेतात. परक्याचं निम्मं समजतं, उरलेलं अंदाजानं. भाईंचं मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या सवयीनं जवळजवळ सगळं. आमचा कार्यक्रम गावोगाव गाजत होता आणि त्या घरातल्या बाईनं त्यातला एक शब्द ऐकलेला नव्हता. हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

भाईंनी त्यांना तो पाकळ्यांचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी पूर्ण पाहिला. मग त्या निळ्या रेघेवर बोट ठेवून मला विचारलं, "ही कायले उड्या मारून राहिली?"

"तो आमचा आवाज आहे, भाभी."

"असा दिसते काय?" त्या म्हणाल्या. "मंग तं मले काईच समजलं नाही. तुमी बोलता ते लिवा ना खाली. अन् यायचं तोंड दाखवा." त्यांनी भाईंकडे बोट केलं.

एवढंच. आम्ही तिघं अकलेचे कांदे इतके दिवस पाकळ्या पाडत होतो.

त्यानंतर नव्यानं सुरुवात केली. गोदामात दोन मोबाईल उभे केले, एक भाईंवर, एक माझ्यावर. आवाज पहिल्यासारखाच वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरू करताना मी जोरात एक टाळी वाजवायची. टाळीचा आवाज आणि दोन्ही चित्रांतले जुळलेले हात एका रेषेत आणले की तिन्ही गोष्टी जुळतात. जो बोलतो तो दिसायचा, पण ऐकणाऱ्याचा चेहराही मधे मधे, कारण भाई ऐकताना अर्धं उत्तर भुवयांनीच द्यायचे. जिथे वस्तूबद्दल बोलणं, तिथे ती वस्तू. कवडी कापूस, म्हणजे किडका, डागाळलेला, म्हटलं की कवडी कापूसच, भाईंच्या तळहातावर, खिडकीच्या उजेडात. शेताची चित्रं श्रोत्यांकडूनच मागवली. मोबाईल आडवा धरा, घाई करू नका, एक ढेकूळ दिसलं तरी चालेल पण आपलं दिसू द्या. जिथे फक्त जुना फोटोच मिळे, तिथे स्टुडिओवाला तो हळूच पुढे आणायचा किंवा एका कडेपासून दुसरीकडे सरकवायचा, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याच्यावर थांबायचा. आणि खाली अक्षरं. मशीननं लिहिलेली आमची वऱ्हाडी वाचून मला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती मी हातानं दुरुस्त करायची. कोर्टाचं काम संपलं की तेच.

पाकळ्या बंद झाल्या. स्टुडिओवाल्याला दोन दिवस जड गेलं.

प्रत्येक व्हिडिओ बाहेर जाण्याआधी भाभींकडे जायचा. पहिल्याच वेळी त्यांनी सांगितलं, की सुरुवातीला तोंड आणि अक्षर बरोबर चालतात, शेवटी शेवटी अक्षर मागे राहतं. आम्हा ऐकणाऱ्यांना ते जाणवलंच नव्हतं. स्टुडिओवाल्यानं पाहिलं तर खरंच होतं. मोबाईलचं चित्र आणि रेकॉर्डरचा आवाज लांबच्या रेकॉर्डिंगमध्ये हळूहळू एकमेकांना सोडून जातात, कारण मोबाईल दर सेकंदाला सारखीच चित्रं घेत नाही. मग तो आधी मोबाईलचं चित्र एका ठराविक वेगात बदलून घ्यायला लागला, आणि शेवटीही एक टाळी वाजवायची असं ठरलं. भाभी म्हणाल्या, आता बरोबर. त्या दिवशी त्यांनी जुने भागही मागितले. मी त्यांनाही अक्षरं लावून दिली. नवऱ्याच्या तोंडचं कापूसपुराण त्या अक्षरं वाचत रात्रंदिवस पाहत बसल्या. मला म्हणाल्या, "घरात इतके कधी बोलत नाही हो हे." मला त्यांचं हसू पाहून इतकं बरं वाटलं, की कोर्टात जिंकलेल्या दाव्यानंही कधी वाटलं नव्हतं.

लोक आता शेवटपर्यंत पाहू लागले. स्टुडिओवाल्याची भीड चेपली. तो म्हणाला, "मॅडम, लग्नात खरा शॉट विधीच्या आधीच मिळते. नवरदेव चहा पिऊन राहिला, काका फेटा बांधून राहिला. टाळीच्या आधीच कॅमेरे चालू ठेवत जा." आम्ही ठेवू लागलो. ते चहाचे, गप्पांचे तुकडे तो सुरुवातीला वापरायचा, खाली मंद सतार, बोलणं बंद. कधी मधल्या भागात माझा खोकला कापला की ती जोडाची जागा झाकायलाही असाच एखादा तुकडा. ऐकणाऱ्याला कळायचंही नाही की तिथे काही कापलंय. लग्नवाले असंच करतात. मामा काय कुरकुर करतोय ते गाण्याखाली कुणाला ऐकू येतंय?

त्या थंडीत भाईंचा आवाज बसला तो बसलाच. आम्हाला वाटलं कापसाची धूळ. ते गरम पाणी प्यायचे, ज्येष्ठमध चघळायचे. एकदा रेकॉर्डिंगच्या आधी, चहा हातात असताना, ते मला म्हणाले, "ताई, गळ्यात गाठ हाये. नागपूरले बोलावलं तपासणीले. डाक्टर म्हणते आवाज जाईन कदाचित." मी कप खाली ठेवला. मी विचारलं, भाभींना सांगितलं का? "नाही. तिले सांगू नोका. कान गेले तेव्हा तिनं लय सोसलं. आता हे कायले?" मी म्हटलं, भाई, हे चुकीचं आहे. त्यांनी मान हलवली. मग मी टाळी वाजवली आणि आम्ही तुरीवर बोललो. टाळीनंतर मी काय बोलले ते मला आजही आठवत नाही. अक्षरंसुद्धा मी यंत्रासारखीच दुरुस्त केली.

व्हिडिओ तयार होऊन माझ्याकडे आला तेव्हा मी आवाज लावून पाहिला. सुरुवातीला सतार, रजया, भाईंचा शांत चेहरा, वाफ येणारा चहा. सुंदर होतं. इतकं सुंदर की मी स्टुडिओवाल्याला चक्क शाबासकी दिली. आणि रीतीप्रमाणे व्हिडिओ भाभींकडे गेला.

संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. "ताई, उद्या अकोल्याले या. हे दुकानात राहतीन. तुमी घरी या."

मला वाटलं, अक्षरांत काही घोळ झाला असेल. सकाळच्या बसनं गेले. भाभींनी पाणी दिलं, समोर बसल्या आणि मोबाईलवर तो सुरुवातीचा तुकडा लावला. सतार वाजू लागली. त्यांना ती ऐकू येत नव्हती. भाईंचे ओठ हलत होते. मला तेव्हा उमगलं, हा टाळीच्या आधीचा तुकडा होता.

"साराच नाही समजला," भाभी म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला होता. "कप मधात येते. पण नागपूर समजलं. तपासणी समजलं. आवाज जाईन, हे समजलं. अन् तिले सांगू नोका, हे तं लयच साफ समजलं."

मी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाले, की मी त्यांना सांगा म्हटलं होतं.

"ते बी दिसलं. तुमचं तोंड मले कमी समजते, पण तुमी चिडल्या होत्या ते समजलं." त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. "ताई, माहे कान गेले. घर तं नाही गेलं ना? मंग माह्याच घरातली गोष्ट मले सनईच्या व्हिडिओतून काहून समजावी?"

सनई नव्हती, सतार होती. पण त्यांना काय सांगणार! मी रडले. त्या रडल्या नाहीत. उठून त्यांनी भात टाकला आणि धाकट्याला दुकानात पाठवून भाईंना जेवायला बोलावलं.

भाई आले, मला पाहून दारातच थबकले. भाभींनी त्यांना बसवलं आणि स्वतः समोर, हातभर अंतरावर बसल्या. "आता बोला," त्या म्हणाल्या. "कप बाजूले ठेवून बोला." भाई बोलले. बसलेल्या घोगऱ्या आवाजात, बराच वेळ. मी आतल्या खोलीत गेले, पण भाभींचा आवाज भिंतीपलीकडे येत होता. त्या रागावल्या, मग काही वेळानं हळू झाल्या. मग मला हाक मारली, "या, जेवाले या."

नागपूरला दोघं गेले. तिथे डॉक्टर तोंडावर मास्क लावून बोलायला लागले, तर भाभींनी त्यांना सांगितलं, की मी ऐकत नाही, पाहते, तेव्हा तोंड उघडं करा किंवा लिहून द्या. डॉक्टरांनी लिहून दिलं. गाठ स्वरयंत्रावरच होती. स्वरयंत्र काढावं लागलं. श्वासासाठी गळ्याला छिद्र आलं, आणि तो खर्जातला आवाज कायमचा गेला. जीव वाचला, हे सगळे म्हणत होते, मीही म्हणत होते. घरी येऊन मात्र मी जुने भाग लावले आणि पाच मिनिटांत बंद केले. मला ते सहन होईना.

गळ्याला टेकवून बोलायचं एक मशीन मिळालं होतं. भाईंनी ते दोनदा वापरून कपाटात ठेवलं. त्यातून आलेल्या सपाट गुणगुणीला ते आपला आवाज म्हणायला तयार नव्हते. पाटीवर लिहायचे, पण लिहिणं मंद, आणि ऐकणारा दुसरीकडे बघायला लागला की त्यांचा चेहरा पडायचा. दुकानात गिऱ्हाईक यायचं, हातवारे व्हायचे, चुकीच्या मापाची गादी भरली जायची. घरात मुलंसुद्धा चुकायची. फक्त भाभींचं काही बदललं नव्हतं. त्यांच्यासाठी भाई आधी जसे बोलत होते, तसेच आत्ताही बोलत होते. आवाज त्यांच्या हिशेबात कधी नव्हताच. ओठ होते, ते शाबूत होते.

पॉडकास्ट बंद करायचं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. श्रोत्यांना काय सांगायचं तेही लिहून ठेवलं होतं. ते द्यायला म्हणून मी अकोल्याला गेले, तर गोदामात स्टुडिओवाला आधीच हजर. दोन मोबाईल उभे केलेले. त्याला भाभींनीच बोलावलं होतं.

"हे बोलतीन, मी सांगन," भाभी भाईंकडे हात करून म्हणाल्या. "तुमी इचारा."

मी म्हटलं, "भाभी, पण हे लोक..."

"लोकायले काय? त्यायले आयकू येते ना? मंग माह्यं आयकतीन."

कॅमेऱ्याची अडचण होती. भाभींना सतत भाईंकडे पाहावं लागणार, त्यामुळे त्या कॅमेऱ्यात पाहू शकत नव्हत्या. स्टुडिओवाल्यानं डोकं चालवलं. दोघांना समोरासमोर बसवलं, एक मोबाईल भाईंच्या ओठांसमोर, एक भाभींच्या बाजूनं. पडद्याचे दोन भाग करायचं ठरवलं, डावीकडे ते, उजवीकडे त्या, खाली अक्षरं. तो म्हणाला, इथे झाकायला काही लागणार नाही, मॅडम, पाहणारं कुणी नजर हलवणार नाही. तो बरोबर होता. पण व्हिडिओ न पाहता नुसतं ऐकणारे अजून बरेच होते, आणि त्यांना फक्त एक बाई बोलताना ऐकू येणार होती. मला त्याचीच धास्ती होती.

मी टाळी वाजवली. औंदा काय पेरायचं, असं काहीतरी मी विचारलं. भाईंचे ओठ हलले. एका क्षणाच्या अंतरानं भाभी बोलू लागल्या. थोड्या मोठ्यानं, थोड्या सपाट, पण शब्द भाईंचे. ती वाक्यं त्यांचीच होती, ते मधेच थांबणं, "असं पाहा" म्हणून गोष्टीला सुरुवात करणं. कापूस सोडू नका, पण सगळं वावर कापसाचं करू नका. तुरीची ओळ ठेवा. माल विकायची घाई करू नका. मी डोळे मिटले तर भाईच बोलत होते, दुसऱ्या गळ्यातून.

मग भाभी थांबल्या. भाईंचे ओठ बंद झाले होते.

"हे यायचं मत झालं," त्या म्हणाल्या. "माह्यं इचाराल तं मी म्हणतो, घाई करा. यायनं तीन वर्सं कापूस गोदामात ठेवला भाव येईन म्हणून, अन् उंदरायनं भाव केला. माल घरी ठेवाचं शहाणपण हे माणसाचं हाये, बाईचं नाही."

भाईंनी डोक्याला हात लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, मान मागे. गोदामात काहीच ऐकू आलं नाही. रेकॉर्डरवरची सुई जागची हलली नाही. रजयांच्या त्या खोलीत इतकं शांत होतं, की मला आमच्या ऐकणाऱ्यांची आठवण झाली, वावरात, खिशात मोबाईल ठेवून, पुढचा आवाज येण्याची वाट पाहत असलेल्यांची.

भाभींनाही ती झाली असावी. त्यांनी भाईंवरून नजर न हटवता सांगितलं,

"हासून राहिले ते."